जंगलजेट्टीवरच्या गाड्या आणि संगणकशास्त्रातलं एक कोडं : ‘सबसेट सम’ अवघड आहे की सोपं?

मुरूड तालुक्यातल्या आगरदांड्याहून श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीला जायचं तर मध्ये राजपुरीची खाडी आडवी येते. रस्त्याने खाडीला वळसा घालायचा नसेल तर जंगलजेट्टीत गाडी चढवायची आणि पलीकडे उतरायचं. उत्तरेला भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावरही मार्च २०२० पासून रो-रो बोटीतून गाड्या जातात. दोन्हीकडे बोटीवरच्या माणसाला एकच प्रश्न सोडवावा लागतो. रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांपैकी कोणत्या घेतल्या तर जागा वाया जाणार नाही?

बोटीवरचा अनुभवी माणूस हे नजरेनेच ठरवतो. पण हाच प्रश्न काटेकोर शब्दांत मांडला की संगणकशास्त्रातलं एक प्रसिद्ध कोडं तयार होतं. त्याचं नाव ‘सबसेट सम’. काही संख्या दिल्या आहेत आणि एक लक्ष्य दिलं आहे. त्या संख्यांपैकी काही निवडून त्यांची बेरीज बरोबर लक्ष्याइतकी करता येते का?

या कोड्याबद्दल सोशल मीडियावर दोन विधानं सतत फिरत असतात. पहिलं, ‘हे कोडं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे ते झटपट सोडवण्याची पद्धत कुणालाच माहीत नाही.’ दुसरं, ‘हे कोडं डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने सात-आठ ओळींत सुटतं, कॅम्पस इंटरव्ह्यूला विचारतात.’ मग अधूनमधून कुणीतरी ही दोन्ही विधानं जोडून जाहीर करतं की संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा प्रश्न आपण सोडवला. गंमत म्हणजे दोन्ही विधानं खरी आहेत. जोडताना चूक होते ती एका शब्दात, आणि तो शब्द म्हणजे ‘झटपट’.

आधी कोडं नीट पाहू

समजा, बोटीवरची एक लेन ५० फूट लांब आहे आणि धक्क्यावर सहा गाड्या उभ्या आहेत. पुढची-मागची मोकळी जागा धरून प्रत्येक गाडीला लागणारी लांबी अशी आहे : रिक्षा ९ फूट, छोटी कार १२, सेडान १४, एसयूव्ही १५, मिनीबस २२ आणि ट्रक २५. हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत.

पहिला विचार मनात येतो तो मोठ्या गाड्या आधी घेण्याचा. ट्रक २५ आणि मिनीबस २२ मिळून ४७ होतात. उरलेल्या ३ फुटांत रिक्षाही बसत नाही. ट्रक आणि एसयूव्ही घेतली तर ४० होतात, त्यात रिक्षा टाकली की ४९. पुन्हा एक फूट उरला. मिनीबस, एसयूव्ही आणि छोटी कार घेतली तरी ४९च.

बरोबर ५० चं उत्तर आहे, पण ते एकच आहे. ट्रक आणि मिनीबस दोघांनाही मागे ठेवून चारही छोट्या गाड्या घ्यायच्या. ९ + १२ + १४ + १५ = ५०. ‘मोठं आधी’ हा नियम इथे अगदी उलट दिशेला घेऊन जातो. ‘छोटं आधी’ हा नियम इथे नशिबाने चालला, पण लेन ४९ फुटांची असती तर तोही फसला असता. एखादा सोपा नियम लावून प्रत्येक वेळी बरोबर उत्तर मिळेल, अशी खात्री या कोड्यात देता येत नाही.

मग खात्रीचा मार्ग कोणता? सगळ्या निवडी तपासणं. प्रत्येक गाडीबाबत ‘घेतली’ किंवा ‘नाही घेतली’ असे दोन पर्याय आहेत. सहा गाड्यांच्या ६४ निवडी होतात, त्या कागदावरही तपासता येतील. पण चाळीस गाड्या असतील तर निवडींची संख्या २ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी होते. सेकंदाला एक कोटी निवडी तपासणाऱ्या संगणकालाही त्यासाठी तीस तासांहून जास्त लागतील. गाड्या साठ झाल्या तर साडेतीन हजारांहून अधिक वर्षं! रांगेत एक गाडी वाढली की काम दुप्पट होतं. या वाढीला ‘घातांकी वाढ’ म्हणतात आणि ‘अवघड’ या शब्दामागे नेमकी हीच वाढ असते.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंग काय वेगळं करतं?

निवडी मोजण्याऐवजी बेरजा मोजायच्या, एवढीच युक्ती आहे. कोणत्या गाड्या घेतल्या हे तात्पुरतं विसरायचं आणि फक्त ‘लेन किती फुटांपर्यंत भरता येते’ याची यादी ठेवायची.

सुरुवातीला लेन रिकामी आहे, म्हणून यादीत फक्त ० आहे. रिक्षा आली की प्रत्येक जुन्या बेरजेत ९ मिळवून नवी बेरीज लिहायची. यादी होते ०, ९. छोटी कार आली की ०, ९, १२, २१. सेडान आल्यावर ०, ९, १२, १४, २१, २३, २६, ३५. एसयूव्ही आली की यादीत सोळा बेरजा होतात, आणि त्यांतली शेवटची ३५ + १५, म्हणजे ५०. उत्तर सापडलं.

इथवर प्रत्येक पायरीला यादी दुप्पटच झाली, म्हणजे वेळ काही वाचला नाही. खरा फायदा मिनीबस आल्यावर दिसतो. सेडान आणि मिनीबस मिळून १४ + २२ = ३६ होतात. पण ३६ यादीत आधीच आहे, कारण रिक्षा, छोटी कार आणि एसयूव्ही मिळूनही ९ + १२ + १५ = ३६ होतात. पुढे उरणारी जागा दोन्ही वेळा सारखीच, १४ फूट. त्यामुळे पुढच्या गाड्यांच्या दृष्टीने या दोन निवडींत काहीही फरक नाही. दोन्ही मिळून एकच नोंद पुरते. सहाही गाड्या संपतात तेव्हा ६४ निवडींच्या जागी यादीत ५० फुटांपर्यंतच्या फक्त २९ बेरजा असतात.

गाड्या कितीही आल्या तरी या यादीत ० ते ५० यांपलीकडचा आकडा येऊ शकत नाही, म्हणजे जास्तीत जास्त ५१ नोंदी. म्हणून एकूण काम साधारण ‘गाड्यांची संख्या गुणिले लेनची लांबी’ इतकंच राहतं. चाळीस गाड्या आणि २०० फूट लेन असेल तर ४० × २०० = ८,००० साध्या पायऱ्या. तीस तासांचं काम डोळ्याचं पातं लवण्याआधी होतं.

प्रोग्रॅममध्ये ते असं दिसतं :

```python
def subset_sum(lengths, T):
    reach = [False] * (T + 1)
    reach[0] = True
    for a in lengths:
        for s in range(T, a - 1, -1):
            if reach[s - a]:
                reach[s] = True
    return reach[T]
```

यातली आतली फेरी मोठ्या बेरजेकडून लहान बेरजेकडे उलटी चालते, आणि नवशिक्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते. फेरी सरळ चालवली तर रिक्षामुळे ९ ची नोंद होते, मग त्याच फेरीत ९ + ९ = १८ ची, मग २७ ची. एकच रिक्षा बोटीत दोनदा, तीनदा चढते! चूक पकडायची सोपी चाचणी आहे. फक्त एक ९ फुटांची गाडी आणि १८ हे लक्ष्य द्यायचं. उत्तर ‘नाही’ आलं पाहिजे. ‘हो’ आलं तर फेरीची दिशा चुकली आहे.

कोणत्या गाड्या घ्यायच्या हेही याच पद्धतीने कळतं. प्रत्येक बेरजेसोबत ती पहिल्यांदा कोणत्या गाडीमुळे झाली एवढं लिहून ठेवायचं. ५० एसयूव्हीमुळे झाले, म्हणून मागे १५ जाऊन ३५ वर यायचं. ३५ सेडानमुळे झाले, म्हणून २१. २१ छोट्या कारमुळे, म्हणून ९. ९ रिक्षामुळे, आणि शेवटी ०.

मग हे कोडं ‘अवघड’ कसं?

‘झटपट’ या शब्दाचा संगणकशास्त्रातला अर्थ ठरलेला आहे. प्रश्न लिहायला जितकी जागा लागते तिच्या तुलनेत काम किती वाढतं, हे पाहायचं. प्रश्नाची लांबी दुप्पट झाली आणि काम चौपट किंवा आठपट झालं तर चालतं. अशा वाढीला ‘पॉलिनॉमियल’ म्हणतात. इथे महत्त्वाचा शब्द आहे ‘लिहायला लागणारी जागा’. संगणक संख्या लिहितो ती अंकांमध्ये. पन्नास हा आकडा लिहायला पन्नास रेघा लागत नाहीत, दोन अंक पुरतात. दहा लाख लिहायला सात.

आता चाळीस गाड्यांकडे परत जाऊ. लांबी फुटांत असेल तेव्हा लक्ष्य तीन अंकी आहे. प्रत्येक संख्या तीन अंकी धरली तर सगळा प्रश्न सुमारे १२० अंकांत मावतो आणि तक्ता फार तर हजार घरांचा होतो.

समजा, फुटांऐवजी मिलिमीटर घेतले. २०० फुटांची लेन ६०,९६० मिलिमीटर झाली. अंक तीनवरून पाच झाले, प्रश्नाची लांबी दुपटीपेक्षाही कमी वाढली. पण तक्ता मात्र तीनशे पटींनी मोठा झाला. ४० × ६०,९६० म्हणजे सुमारे २४ लाख पायऱ्या. हे अजूनही लॅपटॉपला सहज झेपतं.

पण संख्या बारा अंकी असतील तर? प्रश्न १२० अंकांऐवजी ४८० अंकांचा झाला, म्हणजे फक्त चौपट. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका मेसेजमध्ये मावेल इतका. तक्ता मात्र हजार घरांवरून एक लाख कोटी घरांवर गेला. एका घराला एकच बिट दिला तरी १२५ जीबी मेमरी लागेल. आणखी तीन अंक वाढवले की १२५ टीबी. संख्या तीस अंकी केल्या तर तक्त्यात १ वर तीस शून्यं इतकी घरं होतात, आणि तो कुठल्याच संगणकात मावणार नाही.

एक अंक वाढवायला लिहिणाऱ्याला काहीच कष्ट पडत नाहीत, पण तक्ता दहापट होतो. म्हणजे डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचं काम संख्येच्या *किमतीच्या* प्रमाणात वाढतं, आणि किंमत अंकांच्या तुलनेत घातांकी वाढते. वरवर पाहता ‘गाड्या गुणिले लांबी’ हा साधा गुणाकार दिसतो, पण त्यातल्या ‘लांबी’त घातांक लपलेला आहे. म्हणूनच अशा पद्धतीला ‘स्यूडो-पॉलिनॉमियल’, म्हणजे पॉलिनॉमियल असल्याचा भास होणारी, असं म्हणतात.

याचं आणखी एक ओळखीचं उदाहरण शाळेतलं आहे. एखादी संख्या मूळ आहे का हे पाहायला तिला २, ३, ४ असं एकेका संख्येने भागत जायचं. दोन-तीन अंकी संख्येला हे चालतं, चाळीस अंकी संख्येला नाही. हीदेखील स्यूडो-पॉलिनॉमियल पद्धतच. फरक एवढाच की मूळ संख्या ओळखण्याची खरोखर पॉलिनॉमियल पद्धत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधून दाखवली. सबसेट समसाठी अशी पद्धत आजवर कुणालाही सापडलेली नाही.

एनपी-कम्प्लीट म्हणजे नेमकं काय?

या शब्दाचे दोन भाग आहेत. ‘एनपी’ म्हणजे उत्तर कुणी हातात दिलं तर ते तपासणं सोपं असणं. ‘रिक्षा, छोटी कार, सेडान, एसयूव्ही’ असं कुणी सांगितलं की चार आकड्यांची बेरीज करून खात्री करता येते. तीस अंकी संख्या असल्या तरी बेरीज सोपीच राहते.

‘कम्प्लीट’ हा भाग जास्त रंजक आहे. त्याचा अर्थ असा की एनपीमधला कोणताही प्रश्न या कोड्याच्या भाषेत उतरवता येतो. असा ‘कम्प्लीट’ प्रश्न असतो, हे स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी रिचर्ड कार्प यांनी अशा २१ प्रश्नांची यादी दिली. त्या यादीत ‘नॅपसॅक’ नावाने जो प्रश्न आहे तो म्हणजे आजचा सबसेट सम. कार्प यांनी तो ‘एक्झॅक्ट कव्हर’ नावाच्या प्रश्नावरून मिळवला. ही उतरवण्याची रीत इतकी साधी आहे की ती पूर्ण पाहता येते, आणि अवघडपणा कुठून येतो हेही तिच्यातच दिसतं.

समजा, रायगडच्या किनाऱ्यावरच्या पाच ठिकाणांची देखभाल कंत्राटाने द्यायची आहे : मांडवा, रेवस, अलिबाग, मुरूड आणि दिघी. पाच प्रस्ताव आले आहेत. पहिल्यात मांडवा आणि मुरूड. दुसऱ्यात रेवस आणि दिघी. तिसऱ्यात मांडवा आणि अलिबाग. चौथ्यात फक्त अलिबाग. पाचव्यात मुरूड आणि दिघी. प्रस्ताव घ्यायचा तर पूर्ण घ्यायचा. प्रत्येक ठिकाण एकदाच आलं पाहिजे, सुटता कामा नये आणि दोनदाही येता कामा नये.

या प्रश्नात संख्या कुठेच नाहीत. आता प्रत्येक ठिकाणाला अंकाची एक जागा देऊ, याच क्रमाने डावीकडून उजवीकडे. प्रस्तावात ते ठिकाण असेल तर १, नसेल तर ०.

- पहिला प्रस्ताव : १००१०
- दुसरा : ०१००१
- तिसरा : १०१००
- चौथा : ००१००
- पाचवा : ०००११

लक्ष्य : ११,१११. प्रत्येक जागी बरोबर एक.

आता प्रश्न निव्वळ बेरजेचा झाला. पहिला, दुसरा आणि चौथा मिळून १००१० + ०१००१ + ००१०० = १११११. दुसरा कुठलाही मार्ग नाही. तिसरा आणि पाचवा घेतले तर १०१११ होतात, पण उरलेलं एकटं रेवस देणारा प्रस्तावच नाही.

इथे एक सापळा आहे. प्रस्ताव जास्त असतील तर ‘हातचा’ घोटाळा करतो. फक्त दिघीचे अकरा प्रस्ताव आले आणि सगळेच घेतले तर बेरीज ११ होते. ती वाचली तर मुरूड एकदा आणि दिघी एकदा असं दिसतं. प्रत्यक्षात मुरूडला कुणीच नाही आणि दिघीला अकरा जण! म्हणून प्रत्येक ठिकाणाला पुरेशी रुंद जागा द्यावी लागते. नव्व्याण्णव प्रस्तावांपर्यंत दोन-दोन अंक पुरतात, म्हणजे हातचा शेजारच्या जागेत जातच नाही.

आता मूळ विरोधाभास उलगडतो. पाच ठिकाणं असताना लक्ष्य ११,१११ आहे, तक्ता लहान आहे, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग आरामात चालेल. पण शंभर ठिकाणं असतील तर संख्या किमान शंभर अंकी होतात. लिहायला त्या सोप्याच, एका पानावर कित्येक मावतील. पण तक्त्याला १ वर शंभर शून्यं इतकी घरं लागतील. म्हणजे एक्झॅक्ट कव्हरचा अवघड प्रश्न सबसेट सममध्ये उतरवताना सगळा अवघडपणा अंकांच्या लांबीत जाऊन बसतो. प्रत्येक अट अंकाची एक जागा खाते. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग नेमकं तिथेच थकतं.

म्हणून ‘सबसेट सम एनपी-कम्प्लीट आहे आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने सुटतं, म्हणजे सगळे एनपी प्रश्न झटपट सुटले’ हा युक्तिवाद कोसळतो. झटपट सुटतात ते लहान संख्यांचे प्रश्न. बाकीचे प्रश्न सबसेट सममध्ये येतात ते प्रचंड संख्या घेऊनच. संख्यांच्या अंकांच्या प्रमाणात चालणारी पद्धत कुणी खरोखर शोधली, तर पी आणि एनपी एकच आहेत हे सिद्ध होईल. त्या प्रश्नावर क्ले मॅथमॅटिक्स इन्स्टिट्यूटने २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं आहे, आणि ते अजून कुणी नेलेलं नाही.

नुसते मोठे अंक पुरेसे नाहीत

उलट बाजूही पाहायला हवी. संख्या शंभर अंकी असल्या पण गाड्या सहाच असतील, तर ६४ निवडी हाताने तपासता येतात. कोडं खरोखर अवघड होण्यासाठी दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. संख्या पुष्कळ हव्यात आणि प्रत्येक संख्या लांबही हवी.

मधल्या परिस्थितीसाठी एक चांगली युक्ती आहे. एलिस होरोविट्झ आणि सरताज साहनी यांनी ती १९७४ मध्ये मांडली. चाळीस संख्यांचे वीस-वीसचे दोन गट करायचे. प्रत्येक गटाच्या सगळ्या बेरजा काढायच्या, त्या प्रत्येकी १०,४८,५७६ होतात. मग एका यादीतली बेरीज आणि दुसरीतली बेरीज मिळून लक्ष्य होतं का ते, दोन्ही याद्या क्रमाने लावून, पाहायचं. अंक कितीही लांब असले तरी चाळीस संख्यांपर्यंत काम होतं. ऐंशी संख्या झाल्या की हीसुद्धा पद्धत जड होते.

आणि सगळं जुळून आलं, संख्या पुष्कळ आणि लांब असल्या, तरी प्रत्येक प्रश्न अवघड असेलच असं नाही. १९७८ मध्ये राल्फ मर्कल आणि मार्टिन हेलमन यांनी सबसेट समवर आधारलेली गुप्तलेखनाची पद्धत सुचवली. निरोप लपवायचा तो एका बेरजेत, आणि तो उलगडायचा म्हणजे कोणत्या संख्या निवडल्या ते शोधायचं. पण निरोप ज्याच्यासाठी आहे त्याला तो सहज वाचता यावा म्हणून त्या संख्या आधी एका सोप्या मांडणीतून बनवल्या होत्या आणि वरून झाकल्या होत्या. आदी शमीर यांनी १९८२ मध्ये ते झाकण काढण्याची पॉलिनॉमियल पद्धत दाखवली. सबसेट सम तेव्हाही एनपी-कम्प्लीट होतं, आजही आहे. एनपी-कम्प्लीट हा शिक्का संपूर्ण प्रश्नसमूहावर असतो. त्यातला एखादा ठरावीक प्रश्न सोपा निघू शकतो.

व्यवहारात याचा अर्थ काय?

एखादा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे असं कळलं की हात टेकायची गरज नसते. आधी विचारायचं, संख्या किती मोठ्या आहेत? बोटीची लेन इंचात, मालाचं वजन किलोत, बिलं रुपयांत असतील तर डायनॅमिक प्रोग्रॅमिंग अचूक उत्तर देतं. एखाद्या व्यापाऱ्याला ८७,४५० रुपये जमा झालेले दिसतात आणि ते कोणत्या बिलांपोटी आले हे शोधायचं असतं, तेव्हाही हेच कोडं असतं, आणि संगणकाला ते सोपं असतं. तिथे अडचण वेगळीच येते. बिलं पुष्कळ आणि रक्कम लहान असली की एकाच बेरजेची अनेक उत्तरं निघतात, आणि खरं कोणतं हे गणित सांगू शकत नाही.

दुसरं म्हणजे एकक विचारपूर्वक निवडायचं. सगळ्या संख्या ३ ने भागल्या जात असतील तर भागून टाकायच्या, तक्ता तिप्पट लहान होतो. लक्ष्याला मात्र ३ ने भाग जात नसेल तर तक्ता न करताच उत्तर ‘नाही’. पैशांऐवजी रुपये, मिलिमीटरऐवजी फूट असं पूर्णांकात ढकललं तर तक्ता आणखी आटोपशीर होतो, पण मग उत्तर अचूक राहत नाही. प्रत्येक गाडीची लांबी पुढच्या पूर्ण फुटापर्यंत वाढवली तर दर गाडीमागे जवळजवळ एक फूट वाया जाऊ शकतो. चार गाड्यांना ते चालेल, चाळीस गाड्यांना कदाचित दोन-तीन गाड्यांची जागा जाईल.

तिसरी गोष्ट बोटीवरच दिसते. एक लेन भरणं हे सबसेट सम आहे. दोन लेन असतील तर तक्ता मोठा होतो, तरी पद्धत चालते. पण लेनची संख्या ठरलेली नसेल आणि सगळ्या गाड्या कमीत कमी किती लेनमध्ये बसतील असं विचारलं, तर प्रश्न वेगळ्या जातीचा होतो. त्याला ‘बिन पॅकिंग’ म्हणतात. तिथे संख्या लहान ठेवल्या तरी अवघडपणा जात नाही. मायकेल गॅरी आणि डेव्हिड जॉन्सन यांनी १९७८ मध्ये अशा प्रश्नांना ‘स्ट्राँगली एनपी-कम्प्लीट’ असं नाव दिलं. त्यांच्यासाठी स्यूडो-पॉलिनॉमियल पद्धत सापडली तर पी आणि एनपी एकच ठरतील. सबसेट सम त्या गटात नाही. ते ‘वीकली’, म्हणजे सौम्य प्रकारचं एनपी-कम्प्लीट आहे.

तेव्हा ‘एनपी-कम्प्लीट सुटलं’ अशी पोस्ट पुढच्या वेळी दिसली की एकच गोष्ट तपासायची. दिलेल्या प्रोग्रॅमला तीस अंकी शंभर संख्या द्यायच्या. `[False] * (T + 1)` ही ओळ तिथेच अडकली, तर तो दावा लहान संख्यांपुरताच होता.